अ‍ॅपवर १४५४, वहीत २०४५: दिवसाला किती कॅलरी लागतात, हे गणित नेमकं कसं करतात?

माझी मावशी ४२ वर्षांची आहे. बँकेत नोकरी करते, वजन ६२ किलो, उंची १५४ सेंटिमीटर. दोन महिन्यांपूर्वी तिने फोनवर एक डाएट अ‍ॅप घेतलं. त्यात ही माहिती भरली आणि 'दिवसभर बसून काम' हा पर्याय निवडला. अ‍ॅपने सांगितलं, तुमची रोजची गरज १४५४ कॅलरी. वजन कमी करायचंय म्हटल्यावर त्यातून आणखी २५० वजा झाले आणि मावशीने १२०० हा आकडा फ्रिजवर चिकटवला. तीन आठवड्यांत तिचं म्हणणं एकच होतं, "चार वाजले की गळून जाते गं मी."

त्याच सुमारास तिची मुलगी होम सायन्सच्या पहिल्या वर्षाच्या परीक्षेचा अभ्यास करत होती. पोषणशास्त्राच्या पेपरात एक उदाहरण हमखास असतं: अमुक वयाची, अमुक वजनाची स्त्री, तिची रोजची ऊर्जेची गरज काढा. तिने सरावासाठी आईचेच आकडे घेतले. उत्तर आलं २०४५. अ‍ॅपपेक्षा जवळजवळ ६०० ने जास्त. एवढ्या कॅलरी म्हणजे एका माणसाचं एक वेळचं जेवणच.

दोघींपैकी बेरीज-गुणाकारात कुणीही चुकलेलं नव्हतं. मग हे ६०० आले कुठून? हे समजून घेताना अख्खं गणितच उलगडतं, म्हणून आपण तेच उदाहरण सोडवून पाहू.

पहिली पायरी: काहीही न करता लागणारी ऊर्जा

आपण नुसते पडून असलो तरी हृदय चालू असतं, फुप्फुसं हलत असतात, यकृत आणि मूत्रपिंडं काम करत असतात, मेंदू तर कधीच थांबत नाही. विश्रांतीच्या वेळी खर्च होणाऱ्या ऊर्जेपैकी साधारण पाचवा हिस्सा एकटा मेंदू घेतो. या सगळ्यासाठी २४ तासांत लागणारी ऊर्जा म्हणजे बेसल मेटॅबॉलिक रेट, म्हणजेच बीएमआर. पाठ्यपुस्तकात याला मूलभूत चयापचय दर म्हणतात.

तो खरोखर मोजायचा तर माणसाला रात्रभर, साधारण १२ तास उपाशी ठेवतात. सकाळी जागं पण स्वस्थ पडलेलं असताना, फार गरम नाही आणि गार नाही अशा खोलीत, तो किती ऑक्सिजन घेतो आणि किती कार्बन डायऑक्साइड सोडतो हे मोजतात. ही सोय प्रत्येकाला कुठून मिळणार? म्हणून आधी शेकडो-हजारो लोकांवर अशी मोजमापं करून त्यातून सूत्रं बसवली गेली. वजन घाला, वय घाला, अंदाज मिळवा. सूत्रातून येतो तो अंदाजच, हे लक्षात असू द्या.

पंचाईत अशी की सूत्र एक नाही. अमेरिकेतल्या हॅरिस आणि बेनेडिक्ट यांचं १९१९ चं सूत्र सगळ्यात जुनं आणि अजूनही वापरात आहे. आजची बरीच अ‍ॅप्स १९९० चं मिफ्लिन-सेंट जिओर हे सूत्र वापरतात. जागतिक आरोग्य संघटना आणि अन्न व कृषी संघटना यांच्या समितीने १९८५ मध्ये दिलेली सूत्रं वेगळी. आणि आपल्याकडे अभ्यासक्रमात येतात ती भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची, म्हणजे आयसीएमआरची.

मावशीचे आकडे दोन सूत्रांत घालून पाहू. ३० ते ६० वयाच्या स्त्रीसाठी आयसीएमआरचं सूत्र असं:

बीएमआर = ८.३ × वजन + ७८८
= ८.३ × ६२ + ७८८
= ५१४.६ + ७८८ = १३०२.६ किलोकॅलरी

मिफ्लिनचं स्त्रियांसाठीचं सूत्र उंची आणि वयही विचारतं:

बीएमआर = १० × वजन + ६.२५ × उंची − ५ × वय − १६१
= ६२० + ९६२.५ − २१० − १६१ = १२११.५ किलोकॅलरी

(पुरुषांसाठी शेवटी १६१ वजा करण्याऐवजी ५ मिळवायचे, बाकी सूत्र तेच. आणि आपण रोजच्या बोलण्यात 'कॅलरी' म्हणतो ती खरं तर किलोकॅलरी असते. या लेखातही तसंच आहे.)

हॅरिस-बेनेडिक्टने तेच उत्तर सुमारे १३३७ येतं आणि १९८५ च्या आंतरराष्ट्रीय सूत्राने १३६८. म्हणजे एकाच बाईचे चार बीएमआर, आणि सगळ्यात लहान-मोठ्यात १५७ कॅलरींचा फरक.

भारतीयांसाठी वेगळं सूत्र कशाला?

१९८५ चं आंतरराष्ट्रीय सूत्र ज्या माहितीवर बसवलं, ती स्कोफिल्ड यांनी जगभरातल्या जुन्या अभ्यासांतून गोळा केली होती. त्यात ७१७३ मोजमापं होती आणि त्यातली ३३८८, म्हणजे जवळपास निम्मी, एकट्या इटलीतली! त्यातले बरेच जण तरुण आणि अंगमेहनतीच्या किंवा लष्करी-पोलिस सेवेतले होते. त्यांचा बीएमआर त्याच वजनाच्या इतरांपेक्षा जास्त निघतो. मग तेच सूत्र भारतीय माणसाला लावलं की उत्तर फुगतं.

याचं एक कारण शरीराच्या घडणीत आहे. सूत्राला फक्त वजन कळतं. त्या वजनात स्नायू किती आणि चरबी किती हे त्याला दिसत नाही. एक किलो स्नायू विश्रांतीतही एक किलो चरबीपेक्षा जास्त ऊर्जा खर्च करतो आणि सारख्याच वजनाच्या भारतीय माणसाच्या शरीरात सरासरीने चरबीचं प्रमाण जास्त असतं. म्हणून आयसीएमआरने आंतरराष्ट्रीय सूत्र साधारण ५ टक्क्यांनी खाली आणलं. तुम्हीही ताडून पाहू शकता: आंतरराष्ट्रीय सूत्र ८.७ × वजन + ८२९ असं आहे. ८२९ चे ९५ टक्के काढले की ७८८ येतात.

वयोगटाचीही एक गंमत आहे. ही सूत्रं १८ ते ३०, ३० ते ६० आणि ६० च्या पुढे अशा टप्प्यांत येतात. १८ ते ३० च्या स्त्रीसाठी सूत्र १४ × वजन + ४७१. म्हणजे ६२ किलोच्या २९ वर्षांच्या स्त्रीचा बीएमआर १३३९ आणि तिसाव्या वाढदिवसाला तो एकदम १३०३! शरीरात अर्थातच असं काही रातोरात होत नाही. वयाबरोबर हळूहळू होणारी घट सूत्राने दोन पायऱ्यांत कापली आहे, इतकंच. परीक्षेत मात्र चुकीचा गट घेतला की पुढचं सगळं चुकतं.

दुसरी पायरी: दिवसभरातली हालचाल

बीएमआर मिळाला की त्याला एका आकड्याने गुणायचं. या आकड्याला फिजिकल अ‍ॅक्टिव्हिटी लेव्हल, थोडक्यात पीएएल म्हणतात. दिवसभराचा एकूण खर्च बीएमआरच्या किती पट आहे, ते हा आकडा सांगतो.

आयसीएमआरच्या २०१० च्या तक्त्यात बैठ्या कामासाठी १.५३, मध्यम कामासाठी १.८ आणि कष्टाच्या कामासाठी २.३ असे आकडे होते. अ‍ॅपमध्ये बैठ्या जीवनशैलीसाठी १.२, हलक्या व्यायामाला १.३७५ आणि 'मध्यम'साठी १.५५ असतात. शब्द तेच, आकडे निराळे. आयसीएमआरचं 'बैठं' आणि अ‍ॅपचं 'मध्यम' जवळपास एकच आहेत!

मावशीने 'दिवसभर बसून काम' निवडलं, कारण तिच्या मते ती खरंच दिवसभर बसून असते. पण १.२ हा आकडा जवळजवळ बिछान्याला किंवा खुर्चीला खिळलेल्या माणसाचा आहे. जी बाई सकाळी सहाला उठून दोन डबे भरते, बसस्टॉपपर्यंत चालत जाते आणि संध्याकाळी पुन्हा ओट्यापाशी उभी राहते, तिला तो लागू होत नाही.

मग तिचा आकडा कोणता? अंदाज बांधण्यापेक्षा तो काढता येतो. प्रत्येक कामाचा एक पीएआर ठरलेला असतो. ते काम करताना बीएमआरच्या किती पट ऊर्जा लागते, तो आकडा म्हणजे पीएआर. झोपेचा १, बसून ऑफिसच्या कामाचा १.५, स्वयंपाकाचा २.१, घरकामाचा २.८, सामान न घेता चालण्याचा ३.२. हे संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञ समितीच्या अहवालातले आकडे आहेत. २०१० चा १.५३ सुद्धा असाच एक नमुना दिवस मांडून येतो.

मावसबहिणीने आईला समोर बसवलं आणि साध्या कामाच्या दिवसाचे तास लिहून काढले:

झोप: ७ तास × १.० = ७.०
आंघोळ, आवराआवर: १ तास × २.३ = २.३
जेवण-चहा: १ तास × १.५ = १.५
स्वयंपाक: २ तास × २.१ = ४.२
केर, भांडी, कपडे: दीड तास × २.८ = ४.२
चालणं: १ तास × ३.२ = ३.२
बसमध्ये बसून प्रवास: १ तास × १.२ = १.२
बँकेत टेबलावर: साडेसात तास × १.५ = ११.२५
टीव्ही, फोन, गप्पा: २ तास × १.४ = २.८

तासांची बेरीज २४ आणि गुणाकारांची ३७.६५. आता ३७.६५ ला २४ ने भागलं की १.५७. हा मावशीचा पीएएल.

रोजची गरज = १३०२.६ × १.५७ = २०४५ किलोकॅलरी.

या मांडणीत मला आवडलेली गोष्ट म्हणजे घरकाम दिसायला लागतं. स्वयंपाक आणि केर-भांडी मिळून साडेतीन तास. हे तास मावशीने स्वतःच 'काम' म्हणून धरले नव्हते. "ते काय, ते तर असतंच," असं ती म्हणाली. अ‍ॅपनेही ते विचारले नव्हते.

मग ६०० चा फरक कुठला?

अ‍ॅपचं गणित होतं १२११.५ × १.२ = १४५४. वहीतलं १३०२.६ × १.५७ = २०४५. फरक ५९१. यातला सूत्रामुळे आलेला भाग किती? दोन बीएमआरमधला फरक ९१, त्याला १.२ ने गुणलं की १०९. उरलेले ४८२ निव्वळ पीएएलमुळे. लोक कोणतं सूत्र अचूक यावर वाद घालतात, पण पाचपैकी चार हिस्से फरक दुसऱ्या पायरीवर पडतो.

आणि फ्रिजवरच्या १२०० चा अर्थ काय झाला? मावशीला वाटत होतं की ती रोज २५० कॅलरी कमी खातेय. वहीतला आकडा धरला तर ती ८०० हून अधिक कमी खात होती. चार वाजता गळून जाण्याचं हे एकमेव कारण आहे असं मी म्हणणार नाही, ते डॉक्टरांनी तपासावं. पण एवढी मोठी तूट तिने ठरवून घेतलेली नव्हती, हे नक्की.

उदाहरण सोडवताना कुठे घसरायला होतं?

पहिल्या प्रयत्नात मावसबहिणीचं उत्तर २०४५ नव्हतंच, २४६२ होतं. तिने नऊ कामांचे पीएआर सरळ बेरीज करून नऊने भागले: १७ भागिले ९, म्हणजे १.८९. यात सात तासांची झोप आणि एक तासाचं चालणं यांना सारखंच वजन मिळतं. पीएआर आधी तासांनी गुणायचा आणि मग २४ ने भागायचं. तास २४ पेक्षा कमी-जास्त भरले तर तिथेच थांबून यादी पुन्हा पाहायची. आणि चालत्या-फिरत्या माणसाचा पीएएल १.४ च्या खाली किंवा २.४ च्या वर आला, तरी काहीतरी चुकलंय असं समजा.

दुसरी चूक जास्त फसवी आहे, कारण ती फोन करायला लावतो. मावशीच्या हातातल्या घड्याळाने एक तास चालल्यावर 'खर्च १७४ कॅलरी' असं दाखवलं. तो आकडा बरोबर आहे: तिचा बीएमआर तासाला १३०२.६ भागिले २४ म्हणजे ५४.३, आणि ५४.३ × ३.२ = १७४. पण हे चालणं वरच्या यादीत आधीच धरलेलं आहे. ते पुन्हा २०४५ मध्ये मिळवलं तर एकच तास दोनदा मोजला जातो. समजा तिने नव्याने आणखी एक तास चालायला सुरुवात केली, तरी १७४ ची भर पडत नाही. तो तास ती एरवी टीव्हीसमोर बसली असती आणि त्यातही ५४.३ × १.४ म्हणजे ७६ कॅलरी गेल्याच असत्या. खरी भर ९८ ची. साधारण एका मोठ्या चपातीएवढी. घड्याळावर १७४ पाहून दोन चपात्या जास्त खाल्ल्या तर हिशेब उलटा बसतो.

जुन्या पुस्तकांत अन्न पचवण्यासाठी लागणाऱ्या ऊर्जेचे १० टक्के शेवटी मिळवायला सांगतात. बीएमआरमध्ये कामांच्या कॅलरी एकेक करून मिळवण्याची ती पद्धत होती. पीएएलने गुणत असाल तर ते १० टक्के त्यात धरलेले असतात, पुन्हा मिळवू नका.

आणि एका घरचा बीएमआर दुसऱ्या घरच्या पीएएलने गुणू नका. १.२, १.३७५, १.५५ हे आकडे हॅरिस-बेनेडिक्ट किंवा मिफ्लिनच्या सोबतीने वापरले जातात. १.५३, १.८, २.३ हे आयसीएमआरच्या सूत्रासोबत. प्रश्नात सूत्र दिलं असेल तर तेच वापरायचं. नसेल तर उत्तरपत्रिकेत कोणतं घेतलं ते लिहायचं, म्हणजे तपासणाऱ्याला उत्तर का वेगळं आलं ते कळतं.

२०२० चे नवे आकडे

आयसीएमआर आणि हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२० मध्ये नवी मानकं दिली आणि त्यात बैठ्या कामाचा पीएएल १.५३ वरून १.४० वर आला. बैठं काम करणाऱ्या पुरुषाची गरज २३२० वरून २११० झाली आणि स्त्रीची १९०० वरून १६६०. पुरुषाचं प्रमाण वजन मात्र ६० वरून ६५ किलो केलं. वजन वाढलं आणि गरज घटली, हे जरा चमत्कारिक वाटतं ना?

उलटं गणित करून पाहा. २११० ला १.४० ने भागलं की बीएमआर १५०७ निघतो. जुन्या सूत्राने ६५ किलोच्या तरुण पुरुषाचा बीएमआर १४.५ × ६५ + ६४५ म्हणजे १५८८ येतो. ५५ किलोच्या स्त्रीचंही तसंच: १६६० भागिले १.४० म्हणजे ११८६, आणि जुन्या सूत्राने १२४१. म्हणजे फक्त पीएएल नाही, खालचा पायाही उतरवला आहे. भारतीयांसाठी जुनं सूत्रसुद्धा थोडं फुगलेलंच होतं, असा त्याचा अर्थ. त्याच प्रमाणात मावशीचा पाया खाली आणला तर २०४५ चे साधारण १९५० होतात. तरीही १४५४ पासून ते पुष्कळ दूर आहेत.

इथे आणखी एक गल्लत होते. तक्त्यातले १६६० हे ५५ किलो वजनाच्या, १९ ते ३९ वयाच्या प्रमाण स्त्रीसाठी आहेत. ६२ किलोच्या ४२ वर्षांच्या बाईने तो आकडा उचलून फ्रिजवर लावला तर तोही १२०० सारखाच परका आकडा ठरेल.

कोणता आकडा खरा, हे कसं ओळखायचं?

कोणतंही सूत्र एका व्यक्तीच्या बाबतीत १० टक्क्यांनी इकडे-तिकडे होऊ शकतं. मावशीसाठी याचा अर्थ २०४५ च्या जागी खरा आकडा १८४० ही असेल किंवा २२५० ही. थायरॉइडचा त्रास, ताप किंवा गरोदरपण असेल तर हे सूत्र तसंच्या तसं लागूच होत नाही. म्हणून २०४५.१ असं दशांशापर्यंत उत्तर लिहिण्यात फारसा अर्थ नाही, २०५० लिहिलं तरी चालतं.

पडताळणी वजनकाट्यावर होते, पण एका दिवसात नाही. पाणी आणि मीठ यांनीच वजन दिवसात किलोभर हलतं. मावशीने आता फ्रिजवर १८०० लिहिलंय. रोज सकाळी एकाच वेळी वजन करून ती दर आठवड्याची सरासरी काढते. अंदाज बरोबर असेल तर तूट रोजची सुमारे २५० आहे. एक किलो चरबी म्हणजे साधारण ७७०० कॅलरी, तेव्हा किलोभर उतरायला महिना लागायला हवा. महिनाभराने वजन तिथल्या तिथेच असेल तर तिची खरी गरज १८०० च्याच आसपास आहे, किंवा ताटातलं सगळं वहीत येत नाहीये. दुसरी शक्यता आधी तपासावी, असं मावसबहिणीचं मत आहे. फोडणीचं तेल आणि चहातली साखर अजून तरी मावशी लिहीत नाही.